ठरलेली तारीख बदलली की मेलच्या सब्जेक्टचे काय करायचे

तारीख ठरवण्यासाठी सुरू झालेला मेलचा थ्रेड तारीख ठरल्यावर थांबत नाही. सभागृहाचे भाडे, ध्वनिव्यवस्था, पाहुण्यांचा प्रवास, निमंत्रणपत्रिकेचा मजकूर असे सगळे त्याच थ्रेडवर येत राहते. मग काही कारणाने तारीख बदलते. कोणीतरी चौतिसाव्या मेलमध्ये ‘मग २१ ला करू या’ असे लिहितो, बाकीचे ‘चालेल’ म्हणतात आणि सब्जेक्टमध्ये मात्र जुनीच तारीख राहते. प्रत्येक ‘चालेल’बरोबर ती पुन्हा सगळ्यांच्या फोनवर झळकते. नव्या तारखेला होकार देणारे दहा मेल आले, तर रद्द झालेली तारीख दहा वेळा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जाते.

याचा फटका चर्चेत रोज बोलणाऱ्यांना बसत नाही, त्यांना सगळे ठाऊक असते. फसतो तो फक्त प्रत पाठवलेला माणूस: सभागृहाचा व्यवस्थापक, ध्वनिव्यवस्थेवाला, पत्रिका छापणारा, एखादा कधीतरीच मेल उघडणारा विश्वस्त. फोनवरच्या सूचनेत पाठवणाऱ्याचे नाव, सब्जेक्ट आणि मजकुराचे पहिले काही शब्द एवढेच दिसते. महिनाभराने तारीख पडताळायची झाली, तर हा माणूस मेलमध्ये शोध घेतो आणि यादीत दिसणाऱ्या सब्जेक्टवर विश्वास ठेवतो. चौतिसावा मेल तो उघडत नाही, आणि त्याने तो उघडावा अशी अपेक्षा धरून काम करू नये.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. नाशिकच्या एका वाचनालयाने व्याख्यान ठरवले आहे. मुख्य वक्त्या पुण्याहून येणार आहेत, दुसरे वक्ते न्यू जर्सीहून व्हिडिओवर बोलणार आहेत. आधी २४ ऑक्टोबरची चर्चा झाली, मग शनिवार, ३१ ऑक्टोबर २०२६, संध्याकाळी ६ हे ठरले. नंतर सभागृह मिळेना. ७ नोव्हेंबरला दिवाळी, कारण लक्ष्मीपूजन ८ तारखेला आहे. १४ ला पुण्याच्या वक्त्यांना जमत नाही. म्हणून शनिवार, २१ नोव्हेंबर पक्का झाला. थ्रेडमध्ये ३४ मेल आहेत आणि सब्जेक्ट आहे: ‘व्याख्यान ३१ ऑक्टोबर’.

सब्जेक्ट कधी बदलायचा, आणि कोणी

प्रत्येक सूचनेला सब्जेक्ट बदलू नये. ‘२४ चालेल का?’, ‘त्यापेक्षा ३१?’ अशी घासाघीस चालू असताना सब्जेक्टमध्ये तारीख नसलेलीच बरी. ‘नाशिक व्याख्यान: तारीख ठरवणे’ एवढे पुरे. तारीख सब्जेक्टमध्ये आली म्हणजे ती ठरली, असा अर्थ वाचणाऱ्यांनी घ्यावा आणि तो खरा असावा. हा शिरस्ता सुरुवातीपासून पाळला, तर बदलाचे कामही सोपे होते, कारण मग सब्जेक्टमधल्या तारखेला वजन असते.

ठरलेली तारीख मोडली की दोन गोष्टी घडतात, आणि त्यांच्यात बऱ्याचदा काही दिवसांचे अंतर असते. आधी जुनी तारीख रद्द होते, नवी नंतर ठरते. लोक नवी तारीख हातात येईपर्यंत थांबतात. नेमके तेच दिवस धोक्याचे, कारण त्या काळात पत्रिका छापायला जाते किंवा कोणी रेल्वेचे तिकीट काढतो. म्हणून जुनी तारीख रद्द झाली त्याच दिवशी सब्जेक्ट असा करावा:

```
तारीख ठरायची आहे (३१ ऑक्टो. रद्द) – नाशिक व्याख्यान
```

नवी तारीख एक-दोन दिवसांतच ठरणार असेल, तर हा मधला मेल टाळता येतो. त्याहून जास्त वेळ जाणार असेल तर टाळू नये.

बदल एकानेच करावा. ज्याच्या हाती तारखेचा अंतिम शब्द आहे, म्हणजे इथे वाचनालयाचे कार्यवाह, त्यांनीच. दोघांनी आपापल्या परीने सब्जेक्ट बदलले, तर एकाच कार्यक्रमाचे दोन नवे थ्रेड तयार होतात आणि अर्धे लोक एकीकडे, अर्धे दुसरीकडे बोलू लागतात. हा घोटाळा जुन्या तारखेपेक्षाही निस्तरायला अवघड असतो.

सब्जेक्टमध्ये काय लिहायचे

फोनवर सब्जेक्टची साधारण पहिली तीस-चाळीस अक्षरे दिसतात, पुढचे कापले जाते. त्यामुळे नवी तारीख सर्वांत आधी यायला हवी, कार्यक्रमाचे नाव नंतर आणि जुन्या तारखेचा उल्लेख शेवटी:

```
शनि. २१ नोव्हें. २०२६, सायं. ६ – नाशिक व्याख्यान (३१ ऑक्टो. रद्द)
```

वार लिहिणे हा तपासणीचा भाग आहे. तारीख टाइप करताना २१ चे १२ झाले, तर वार जुळत नाही आणि कोणीतरी लगेच विचारतो. महिना अक्षरात लिहावा. ०५/११ असे लिहिले की भारतात ५ नोव्हेंबर आणि अमेरिकेत ११ मे वाचले जाते, आणि या थ्रेडमध्ये तर अमेरिकेत राहणारा माणूस आहेच. वर्ष एरवी सोडून दिले तरी चालते, पण दरवर्षी होणारा कार्यक्रम असेल तर लिहावेच. नाहीतर पुढच्या वर्षी शोध घेताना गेल्या वर्षीचा मेल वर येतो.

जुनी तारीख पूर्ण काढून टाकावी की ठेवावी, यावर मतभेद आहेत. चर्चेच्या मेलमध्ये फार जुनी पद्धत अशी की विषय बदलताना आधीचा विषय एकदा कंसात द्यायचा आणि पुढच्या उत्तरात तो गाळायचा. तारखेच्या बाबतीत मात्र ती ठेवावी. ज्याच्या डोक्यात किंवा डायरीत ३१ ऑक्टोबर आहे, तो ‘३१ ऑक्टो’ असेच शोधणार, आणि त्या शोधात हा मेल वर यायला हवा. अट एकच: जुनी तारीख कधीही एकटी उभी राहू नये, तिच्याशेजारी ‘रद्द’ हा शब्द हवाच. ‘(आधी ३१ ऑक्टो.)’ त्या मानाने ढिले आहे, कारण घाईत वाचणाऱ्याला तो आणखी एक कार्यक्रम वाटू शकतो.

काही मांडण्या हमखास फसतात. ‘३१ ऑक्टो. → २१ नोव्हें.’ ही नेटकी दिसते, पण फोनवर कापली गेली की फक्त जुनी तारीख उरते. ‘नवी तारीख’, ‘सुधारित’, ‘अंतिम’ हे शब्द लिहिताना खरे असतात, पण दुसऱ्यांदा बदल झाला की थ्रेडमध्ये दोन ‘अंतिम’ तारखा होतात. ‘पुढच्या शनिवारी’ हे कोणत्या दिवशी वाचले त्यावर अवलंबून असते, तेव्हा सब्जेक्टमध्ये त्याला जागा नाही. आणि नुसते पुढे ‘[बदल]’ जोडून बाकी सब्जेक्ट तसाच ठेवणे हा तर सर्वांत फसवा प्रकार आहे. वाचणाऱ्याला काहीतरी बदलले एवढेच कळते आणि तारीख जुनीच दिसते. शिवाय थ्रेड जुळवण्याच्या प्रमाणित पद्धतीत, म्हणजे २००८ च्या आरएफसी ५२५६ मध्ये, सब्जेक्टची तुलना करण्याआधी सुरुवातीचे ‘Re:’, ‘Fwd:’ आणि चौकटी कंसातला मजकूर काढून टाकला जातो. म्हणजे ती पद्धत पाळणाऱ्या प्रोग्रामच्या लेखी असा सब्जेक्ट बदललेलाच नसतो.

अंकांचीही काळजी घ्यावी. ‘२१’ आणि ‘21’ ही संगणकाच्या दृष्टीने वेगळी चिन्हे आहेत. थ्रेडमधले लोक इंग्रजी अंकांत शोधत असतील आणि सब्जेक्ट देवनागरी अंकांत असेल, तर शोध रिकामा येऊ शकतो. सब्जेक्टमध्ये एक प्रकार ठरवावा आणि मजकुराच्या पहिल्या ओळीत तीच तारीख दुसऱ्या प्रकारेही लिहावी, म्हणजे कसेही शोधले तरी मेल सापडतो.

सब्जेक्ट बदलल्यावर थ्रेडचे काय होते

हे समजून घेतले नाही, तर पुढच्या पायऱ्या उगाच वाटतील. उत्तर पाठवताना मेलसोबत काही न दिसणाऱ्या ओळी जातात. `In-Reply-To` आणि `References` या ओळींत आधीच्या मेलचे ओळख-क्रमांक असतात. सब्जेक्ट बदलला तरी या ओळी तशाच राहतात. आता मेल दाखवणारा प्रोग्राम या ओळींना महत्त्व देतो की सब्जेक्टला, यावर नवे मेल जुन्या थ्रेडमध्ये दिसणार की वेगळे, हे ठरते.

जीमेल सब्जेक्ट बदलला की संभाषण तोडतो आणि नवे सुरू करतो. आउटलुकच्या संभाषण-मांडणीतही तसेच होते. आपल्याला हेच हवे असते: नवी तारीख नव्या ओळीत, यादीत सर्वांत वर. आणखी एक फायदा असा की ज्याने लांबलेला थ्रेड कंटाळून म्यूट केला आहे, त्याच्याही इनबॉक्समध्ये हा मेल येतो. म्यूट केलेल्या जुन्या संभाषणात सब्जेक्ट न बदलता पाठवलेला तारखेचा बदल त्याला दिसलाच नसता. (जीमेल १०० मेलनंतरही संभाषण आपोआप तोडतो, पण तेव्हा दोन्ही तुकड्यांवर तोच जुना सब्जेक्ट असतो. त्याचा इथे उपयोग नाही.)

थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये उलटे घडते. तो `References` पाहून जुळवणी करतो, त्यामुळे बदललेल्या सब्जेक्टचा मेल जुन्याच झाडाखाली लटकतो, आणि थ्रेड मिटलेला असेल तर यादीत पहिल्या मेलचा सब्जेक्ट दिसतो. म्हणजे इतके करूनही तिथे ‘व्याख्यान ३१ ऑक्टोबर’च झळकते.

म्हणून निवड अशी करावी. लोक मुख्यतः जीमेल किंवा आउटलुक वापरत असतील, तर शेवटच्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ करून सब्जेक्ट बदलावा. यात कोणाचा पत्ता सुटत नाही आणि ही मोठी गोष्ट आहे. थ्रेडमध्ये थंडरबर्डसारखा प्रोग्राम वापरणारे कार्यालय असेल, तर कोरा मेल उघडून पत्ते त्यात उतरवावेत. पत्ते शेवटच्या मेलवरून घेऊ नयेत. मध्येच कोणीतरी ‘रिप्लाय ऑल’ऐवजी नुसता ‘रिप्लाय’ केलेला असतो, आणि तिथून पुढच्या मेलमधून माणसे गळलेली असतात. दोन-तीन ठिकाणचे मेल उघडून यादी पडताळावी.

प्रत्यक्ष पायऱ्या

ब्राउझरमधल्या जीमेलमध्ये उत्तर लिहिताना सब्जेक्ट लपवलेला असतो. शेवटच्या मेलखाली `Reply all` दाबा. उत्तराची चौकट उघडली की तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात उत्तराच्या बाणाशेजारी खाली तोंड असलेला छोटा त्रिकोण दिसतो. तो दाबून `Edit subject` निवडा. चौकट वेगळी होऊन उघडते आणि सब्जेक्ट निवडलेल्या अवस्थेत दिसतो. तो पूर्ण खोडून नवा लिहा, ‘Re:’सुद्धा काढा. ते ठेवल्याने किंवा काढल्याने थ्रेडच्या जुळवणीत फरक पडत नाही, पण फोनवरची मोलाची जागा वाचते. जीमेलच्या फोनवरच्या ॲपमध्ये उत्तराचे पान पूर्ण उघडले की सब्जेक्टची ओळ वरच दिसते. खाली छोटी चौकट उघडली असेल, तर ती मोठी करावी लागते.

आउटलुकमध्ये उत्तर वाचन-पट्टीतच उघडते. `Pop Out` दाबून ते स्वतंत्र खिडकीत घ्या, म्हणजे सब्जेक्ट सहज बदलता येतो. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत आलेल्या मेलचाही सब्जेक्ट बदलून जतन करता येतो, पण तो बदल फक्त आपल्या प्रतीत होतो. दुसऱ्या कोणालाही तो दिसत नाही. आपल्या यादीत सगळे नीट दिसते आणि बाकीच्यांकडे जुनीच तारीख राहते, तेव्हा हे दोन प्रकार एक समजू नयेत.

पाठवण्याआधी सब्जेक्टमधली तारीख, वार आणि मजकुरातली तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. गेलेल्या मेलचा सब्जेक्ट दुरुस्त करता येत नाही. जीमेलच्या सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची मुदत ५ सेकंदांवरून ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते. या कामापुरती तरी ती वाढवून ठेवावी.

मजकूर

उत्तराच्या खाली जुन्या मेलचा जो उतारा आपोआप येतो, तो पूर्ण काढून टाका. त्यात २४ ऑक्टोबर, ३१ ऑक्टोबर, ७ आणि १४ नोव्हेंबर अशा चार मेलेल्या तारखा आहेत. कोणी पान खाली सरकवले, तर त्यांतली एखादी त्याच्या नजरेत भरणार. पण उतारा काढला की त्यातले अजून खरे असलेले निर्णयही जातात. म्हणून ते वेचून नव्याने लिहावे लागतात. हेच या कामातले खरे कष्ट आहेत आणि ते टाळून चालत नाही: चौतीस मेल वाचून काय टिकले आणि काय बदलले, हे वेगळे करायचे.

टिकलेल्या गोष्टी तपासताना तारखेला चिकटलेली प्रत्येक वेळ पाहावी. आपल्या उदाहरणात एक सापळा आहे. भारतात वेळ तीच, संध्याकाळी ६. पण अमेरिकेत १ नोव्हेंबर २०२६ ला घड्याळे एक तास मागे जातात. ३१ ऑक्टोबरला नाशिकचे संध्याकाळचे ६ म्हणजे न्यू जर्सीतले सकाळचे ८:३० होते. २१ नोव्हेंबरला तेच ६ म्हणजे सकाळचे ७:३०. ‘वेळ तीच’ असे लिहिले, तर तिथले वक्ते जुन्या मेलप्रमाणे साडेआठला येतील आणि तोवर व्याख्यानाचा एक तास झालेला असेल. मेल असा होईल:

> व्याख्यान आता शनिवार, २१ नोव्हेंबर २०२६ (21 Nov) रोजी संध्याकाळी ६ वाजता होईल. ३१ ऑक्टोबरचा कार्यक्रम रद्द झाला आहे.
>
> न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे ७:३० वाजलेले असतील. आधी ८:३० ठरले होते. १ नोव्हेंबरला तिथली घड्याळे बदलत असल्यामुळे हा फरक आहे.
>
> तसेच राहिलेले: वक्ते, विषय, दीड तासाचा अवधी, व्हिडिओची लिंक.
> बदललेले: सभागृह. वरच्या मजल्याऐवजी तळमजला.
> अजून व्हायचे: पुण्याहून येण्या-जाण्याची गाडी, पत्रिकेचा नवा मजकूर.
>
> पत्रिकेची आधीची फाइल वापरू नये. नवी गुरुवारपर्यंत पाठवतो.
> यापुढचे सगळे कृपया याच मेलला उत्तर देऊन लिहावे. तारीख पोहोचल्याचे प्रत्येकाने एका ओळीत कळवावे.

पहिल्या ओळीत ‘नमस्कार, आशा आहे आपण सर्व कुशल आहात’ लिहू नये. वडीलधाऱ्यांना नमस्कार हवा असेल, तर तो शेवटी सहीआधी लिहावा. सूचनेत दिसणारे पहिले शब्द तारखेसाठी राखून ठेवायचे आहेत.

फाइलींबद्दल एक लक्षात ठेवावे: साधे उत्तर देताना आधीची जोडपत्रे बरोबर जात नाहीत. हे इथे सोयीचे आहे, कारण जुन्या तारखेची पत्रिका मागेच राहते. पण वक्त्यांचा परिचय किंवा सभागृहाचा नकाशा अजून लागणार असेल, तर ती फाइल पुन्हा जोडा. नाहीतर लोक ती शोधायला जुन्या थ्रेडमध्ये जातील आणि तिथल्या तारखेत अडकतील. फाइलच्या नावातही ‘३१ऑक्टो’ असेल, तर ते बदलून जोडा.

जुना थ्रेड बंद करणे

नवा मेल गेला तरी जुना थ्रेड सगळ्यांच्या पेटीत आहे आणि त्याचा शेवटचा मेल अजून ३१ ऑक्टोबरबद्दल बोलतो. शोधातून तिथे पोहोचणाऱ्यासाठी त्या थ्रेडचा शेवटचा मेल ‘इथे काही राहिले नाही’ असे सांगणारा असावा. जुनाच सब्जेक्ट ठेवून एक छोटा मेल:

> ३१ ऑक्टोबर रद्द. व्याख्यान शनिवार, २१ नोव्हेंबरला आहे. तपशील ‘शनि. २१ नोव्हें. २०२६’ या सब्जेक्टच्या मेलमध्ये. या थ्रेडवर आता लिहू नये.

हा मेल आधी पाठवायचा आणि तारीख बदलल्याचा मुख्य मेल त्याच्या पाठोपाठ. क्रम उलटा झाला, तर जुन्या तारखेचा सब्जेक्ट पेटीत सर्वांत वर जाऊन बसतो आणि नवा त्याच्याखाली. म्हणून दोन्ही मेल आधी लिहून, तपासून तयार ठेवावेत. एक आता पाठवू आणि दुसरा तासाभराने, असे म्हणू नये. त्या तासात लोक जुन्या थ्रेडवरच प्रश्न विचारायला लागतात.

मग थ्रेडच्या बाहेर गेलेल्या प्रती. मंडपवाल्याला, छपाईवाल्याला कोणीतरी मूळ मेल फॉरवर्ड केलेला असतो, आणि ही माणसे पत्त्यांच्या यादीत नसतात. जीमेलच्या शोधात हे टाइप करा:

```
in:sent subject:"व्याख्यान ३१ ऑक्टोबर"
```

पाठवलेल्यांपैकी कोणकोणाकडे हा सब्जेक्ट गेला, ते यातून दिसते. थ्रेडमधल्या इतर दोघा-तिघांनाही हाच शोध घ्यायला सांगावे, कारण त्यांनी पुढे पाठवलेले मेल आपल्याला दिसत नाहीत. अशा प्रत्येकाला नवा मेल फॉरवर्ड करण्यापेक्षा फोन करून, मग दोन ओळींचा स्वतंत्र मेल पाठवावा. छपाईवाल्याला सगळी यादी नको असते, तारीख हवी असते.

कॅलेंडरचे निमंत्रण

निमंत्रण पाठवले असेल, तर जुनी नोंद उघडून तिचीच तारीख बदला, नवी नोंद करू नका. कॅलेंडरच्या प्रत्येक नोंदीला एक कायमचा ओळख-क्रमांक असतो. तीच नोंद बदलली की क्रमांक तोच राहून फक्त आवृत्ती पुढे सरकते, आणि समोरच्याच्या कॅलेंडरमधली नोंद नव्या दिवसावर जाते. नवी नोंद केली तर ३१ ऑक्टोबर तिथेच राहतो, आणि त्या दिवशी आठवणीची घंटीही वाजते. तीच नोंद बदलल्याने व्हिडिओची लिंकही तीच राहते.

गुगल कॅलेंडरमध्ये बदल जतन करताना पाहुण्यांना कळवायचे का, असे विचारले जाते. `Send` निवडा. मग जाणाऱ्या मेलच्या सब्जेक्टच्या सुरुवातीला `Updated invitation` येते. हा मेल मुख्य मेलनंतर जाऊ द्यावा, आधी गेला तर लोक गोंधळून फोन करतात. नोंदीच्या शीर्षकात मात्र तारीख मुळीच नसावी. तिथे ‘व्याख्यान ३१ ऑक्टोबर’ असेल, तर नोंद २१ नोव्हेंबरच्या रकान्यात जाऊनही तोंडाने ३१ ऑक्टोबरच सांगत राहते.

व्हॉट्सॲप गटाचे नावही पाहून घ्यावे. ‘व्याख्यान ३१ ऑक्टो’ असे गट सर्रास असतात. नाव, वर्णन आणि वर पिन केलेला संदेश या तिन्ही जागा बदला.

नंतर काय बिघडते

दोन दिवसांत कोणीतरी जुन्या थ्रेडवर उत्तर देणारच. बहुधा तो पंधरा दिवस मेल न पाहिलेला माणूस असतो आणि सर्वांत जुन्या न वाचलेल्या मेलपासून सुरुवात करतो. त्याला तिथेच उत्तर देऊ नये, कितीही सोपा प्रश्न असला तरी. दिले की जुना थ्रेड पुन्हा वर येतो आणि जिवंत होतो. त्याचा प्रश्न उचलून नव्या थ्रेडमध्ये टाकावा आणि उत्तर तिथे द्यावे: ‘देशपांडेकाकांनी विचारले आहे की पार्किंग कुठे. तळघरात.’ एकदा असे केले की माणसे बहुतेक आपणहून वळतात.

पोच किती जणांची आली, हे मोजावे. ज्यांची आली नाही त्यांना मेलची आठवण करून देण्याऐवजी फोन करावा. मेल न वाचणाऱ्याला आणखी एक मेल पाठवून उपयोग होत नाही. आणि ‘चालेल’ ही पोच मानू नये. काय चालेल ते त्यातून कळत नाही. ‘२१ नोव्हेंबर नोंदवले’ असे आले म्हणजे तारीख खरेच पोहोचली.

आपण केलेले नीट झाले का, हे पाहायला जुन्या तारखेने शोध घ्यावा: पेटीत ‘३१ ऑक्टो’ टाइप करावे आणि पहिल्या दोन-तीन निकालांत ‘रद्द’ दिसते का ते पाहावे. हाच शोध थ्रेडमधल्या एखाद्या कमी बोलणाऱ्या सदस्याला त्याच्या फोनवर घ्यायला लावला, तर आणखी चांगले, कारण त्याच्या पेटीत काय वर येते ते आपल्या पेटीवरून सांगता येत नाही.

तारीख पुन्हा बदलली, तर हीच सगळी पावले पुन्हा. सब्जेक्टमध्ये तेव्हा दोन्ही रद्द तारखा द्याव्या लागतात, कारण दोन्ही एकेकाळी पक्क्या होत्या आणि दोन्ही कोणाच्या ना कोणाच्या डायरीत आहेत: ‘शनि. २८ नोव्हें., सायं. ६ – नाशिक व्याख्यान (३१ ऑक्टो., २१ नोव्हें. रद्द)’. २४ ऑक्टोबर इथे येत नाही, तो कधी ठरलाच नव्हता. तिसऱ्यांदा बदल झाला, तर कंसात बसवायचा प्रयत्न सोडून द्यावा. सब्जेक्टमध्ये फक्त नवी तारीख ठेवून ‘आधीच्या सर्व तारखा रद्द’ असे लिहावे, त्या सगळ्या तारखा मजकुराच्या दुसऱ्या ओळीत द्याव्यात, आणि मेल उत्तर म्हणून न पाठवता कोऱ्या पानावर सुरू करावा.

उलट, तारीख तीच राहून फक्त सभागृह किंवा वक्त्यांचा क्रम बदलला, तर सब्जेक्टला हात लावू नये. प्रत्येक बदलाबरोबर संभाषण तुटते, आणि दर आठवड्याला तुटणाऱ्या थ्रेडमध्ये नेमका कोणता तुकडा तारखेचा, हे कोणालाच सांगता येत नाही. वेळ बदलली, तर मात्र बदलावा. सब्जेक्टमध्ये ‘सायं. ६’ लिहिलेले आहे आणि लोक त्यावरच घरून निघणार आहेत.